दुकान तिघांचं, किराया एकाच्या हातात: हिशोब आणि हिस्सा मागणारं पत्र कसं लिहावं

नागपुरात महाल, इतवारी, सीताबर्डी या भागांत वडिलांच्या नावाचं एखादं दुकान अनेक घरांत असतं. वडील जातात, किरायेदार तसाच राहतो, आणि किराया मोठ्या भावाच्या हातात पडू लागतो. पहिली काही वर्षं कोणी विचारत नाही. मग कधीतरी बहीण किंवा धाकटा भाऊ विचारतो, तेव्हा उत्तर येतं, "तुले काय कमी आहे? टॅक्स मीच भरतो, दुरुस्ती मीच करतो." हे उत्तर खोटंच असतं असं नाही. पण त्याच्या मागे कागद नसतो, आणि भांडणाचं मूळ तिथेच असतं.

आमच्या घरातही हे झालं, म्हणून लिहिते आहे. इथे एकच प्रकार घेतला आहे: दुकान बाहेरच्या किरायेदाराकडे आहे आणि पैसे एकटा सहमालक घेतो. भाऊ त्या दुकानात स्वतःचा धंदा करत असेल, तर प्रकरण वेगळं होतं. सहमालकाला जागा वापरण्याचा हक्क असतो. त्यामुळे त्याने इतरांना अडवलं नसेल, तर "तू बसतोस म्हणून किराया दे" ही मागणी सहसा टिकत नाही. तिसऱ्याकडून प्रत्यक्ष घेतलेल्या किरायाचा हिशोब मात्र सर्वांना द्यावाच लागतो.

१. आधी स्वतःचा हिस्सा कागदावर पक्का करा

पत्रात "माझा योग्य हिस्सा द्या" एवढंच लिहिलं तर समोरचा "योग्य म्हणजे किती?" असं विचारून मोकळा होतो. म्हणून आधी अपूर्णांक ठरवा. त्यासाठी हे कागद लागतील:

- वडिलांच्या खरेदीखताची प्रत. जागा नागपूर सुधार प्रन्यासची असेल तर लीजडीड.
- सिटी सर्व्हेची आखीव पत्रिका.
- आईवडिलांचे मृत्यू दाखले.
- मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत. नसेल, तर नाही याची खात्री.
- महापालिकेची अलीकडची टॅक्स पावती.

टॅक्स पावतीवर भावाचं नाव असलं म्हणून घाबरू नका. महापालिका टॅक्स वसूल करण्यासाठी नाव लावते, त्यावरून मालकी ठरत नाही. आखीव पत्रिकेवरच्या नावाला अधिक वजन आहे, तरी तीही मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. पण "तुझं नाव टॅक्सला नाही" हे वाक्य इतक्या ठामपणे म्हटलं जातं की अनेक बहिणी तिथेच थांबतात.

हिंदू कुटुंबात वडिलांनी स्वतः घेतलेलं दुकान असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी, मुलगे आणि मुली यांना समान हिस्सा मिळतो. वडिलांची आई हयात असेल तर तिलाही तेवढाच. लग्न झालेल्या मुलीचा हिस्सा कमी होत नाही. इतर धर्मीयांचे अपूर्णांक वेगळे असतात, ते आपापल्या कायद्याप्रमाणे काढावे लागतात.

एक गोष्ट विसरू नका. मधल्या काळात आई गेली असेल तर हिस्से बदलतात. खालच्या उदाहरणात तेच घेतलं आहे.

२. किराया किती येतो हे शोधा, पण किरायेदाराला त्रास देऊ नका

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे मालकाने किरायाची पावती देणं बंधनकारक आहे, आणि करारनामा लेखी व नोंदणीकृत असायला हवा. करार नोंदलेला असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या कराराचा सारांश, शोधता येते. igrmaharashtra.gov.in वरही शोधून पाहा. जुन्या किरायेदारांच्या बाबतीत मात्र बरेचदा करारच नसतो. मग किरायेदाराला शांतपणे भेटा, आपण सहमालक आहोत हे सांगा आणि गेल्या काही महिन्यांच्या पावत्या किंवा बँकेच्या नोंदी पाहू द्या अशी विनंती करा. बहुतेक किरायेदार दाखवतात. त्यांना फक्त भावांच्या भांडणात ओढलं जायचं नसतं.

इथे एक सापळा आहे. "माझा हिस्सा मला वेगळा दे, नाहीतर गाळा खाली कर" असं किरायेदाराला बजावू नका. अनेक मालकांपैकी एकाला दिलेला किराया साधारणपणे सर्वांना दिला असंच धरलं जातं. त्यामुळे मागच्या पैशांसाठी किरायेदार जबाबदार नाही, जबाबदार आहे तो पैसे घेणारा सहमालक. शिवाय दोन मालक दोन बाजूंनी ओढू लागले की किरायेदाराला किराया थकवायला आयतं कारण मिळतं.

डिपॉझिटचंही विचारून घ्या. ते उत्पन्न नव्हे, किरायेदार जाताना परत करायचं कर्ज आहे. त्यातला हिस्सा मागू नका. पण रक्कम किती आणि कोणाकडे आहे हे लेखी यायला हवं. ते परत करायची वेळ आली की "सगळ्यांनी मिळून भरा" असं म्हटलं जातं.

३. हिशोब आधी स्वतः मांडा

समोरच्याकडून हिशोब मागायचा आहे, तरी आपला कच्चा हिशोब आधी मांडायचा. त्याने दोन गोष्टी होतात. आपली मागणी रागातून आलेली नाही हे दिसतं, आणि समोरच्याला "हे चुकीचं आहे" एवढं म्हणून चालत नाही, कुठे चुकलं ते दाखवावं लागतं.

किती मागे जायचं? मुदत कायद्यात, दुसऱ्याने चुकीने घेतलेल्या स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नासाठी दावा करायची मुदत तीन वर्षं आहे, आणि ती प्रत्येक रक्कम मिळाली त्या दिवसापासून मोजली जाते. पत्र पाठवल्याने ही मुदत थांबत नाही. भावाने मुदतीच्या आत सही करून "इतके देणं आहे" असं लिहून दिलं, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. "आधी पत्र, मग दिवाळीनंतर बघू, मग मुलीचं लग्न आटोपू" असं करत राहिलं तर जुन्या टोकाचा एकेक महिना हातातून निसटत जातो.

आता उदाहरण. इतवारीतलं दुकान, वडील २०१६ मध्ये गेले. मागे आई, दोन भाऊ आणि एक बहीण. प्रत्येकाचा हिस्सा एक चतुर्थांश. आई ३० सप्टेंबर २०२३ ला गेली, तीही मृत्युपत्र न करता. तिथून तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश. बहीण एप्रिल २०२२ ते मार्च २०२५ चा हिशोब मागते.

किराया पहिल्या वर्षी महिना १८,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १९,०००, तिसऱ्या वर्षी २०,०००. टॅक्स दरवर्षी १४,०००. ऑगस्ट २०२३ मध्ये छत आणि शटरच्या दुरुस्तीला ३६,००० लागले, त्याची पावती आहे.

*आई हयात असतानाचे १८ महिने.* किराया ३,३०,०००. त्यातून टॅक्स २१,००० आणि दुरुस्ती ३६,००० वजा. उरले २,७३,०००. चार हिस्से केले तर प्रत्येकी ६८,२५०.

*नंतरचे १८ महिने.* किराया ३,५४,०००. टॅक्स २१,००० वजा. उरले ३,३३,०००. तीन हिस्से केले तर प्रत्येकी १,११,०००.

बहिणीचे स्वतःचे झाले १,७९,२५०. आता आईच्या ६८,२५० चं काय? ते तिला कधी दिलेच नसतील तर ती तिची मागे राहिलेली मालमत्ता, आणि तिच्या तीन मुलांत ती प्रत्येकी २२,७५० अशी वाटली जाते. बहिणीचा आकडा होतो २,०२,०००. भावाने दर दिवाळीला १०,००० दिले होते, तीन वर्षांचे ३०,००० वजा करायचे. राहिले १,७२,०००.

इथे भाऊ जवळपास हमखास म्हणतो, "आईच्या दवाखान्याला दीड लाख लागले, ते कोण देणार?" खर्च खरा असू शकतो, त्याचा मानही ठेवला पाहिजे. पण तो दुकानाचा खर्च नव्हे. आईसाठी खर्च झाला असेल तर तो आईच्या हिश्श्यातून झाला असं धरता येईल, म्हणजे जास्तीत जास्त ते ६८,२५० संपले. बहिणीच्या स्वतःच्या हिश्श्याला हात लागत नाही. अशा वेळी तिचं येणं १,४९,२५० उरतं. दवाखान्याचा उरलेला खर्च भावंडांनी कसा वाटून घ्यायचा हा वेगळा प्रश्न, आणि तो वेगळ्या कागदावर बोलायचा. दोन्ही हिशोब एकत्र झाले की ते कधीच सुटत नाहीत.

काय वजा होतं याबद्दल माझं मत सरळ आहे. टॅक्स, जमिनीचं भाडं, विमा आणि जागा टिकवण्यासाठी लागलेली दुरुस्ती पावती पाहून मान्य करावी. कोणाला न विचारता केलेली सजावट, भावाच्या घरचं लाइट बिल, "माझी मेहनत" म्हणून कापलेली रक्कम, हे आधी ठरलं नसेल तर मान्य करू नये. पावती नसलेली छोटी दुरुस्ती मी सोडून देईन. हजार-दोन हजारांसाठी अख्खा हिशोब अडवण्यात अर्थ नाही.

४. पत्र लिहा

दोन पानांच्या आत बसवा. बोलताना भावाला "तू" म्हणत असाल तरी पत्रात "तुम्ही" लिहा, कारण हा कागद पुढे तिऱ्हाईत माणूस वाचू शकतो. नमुना असा:

> दिनांक: ५ एप्रिल २०२५
>
> प्रति,
> (भावाचं पूर्ण नाव आणि पत्ता)
>
> विषय: इतवारी येथील सामाईक दुकानाच्या किरायाचा हिशोब व माझा हिस्सा मिळण्याबाबत
>
> आदरणीय दादा,
> सादर नमस्कार.
>
> इतवारी येथील दुकान (सिटी सर्व्हे क्रमांक …, मनपा घर क्रमांक …) आपल्या वडिलांच्या मालकीचे होते. ते दि. … रोजी मृत्युपत्र न करता वारले. दि. ३० सप्टेंबर २०२३ रोजी आई वारल्यापासून त्या दुकानात आपणा तिघा भावंडांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा आहे. दुकान श्री. … यांच्याकडे किरायाने आहे आणि किराया तुम्ही आपणा सर्वांच्या वतीने घेत आला आहात.
>
> कृपया १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५ या काळाचा पुढील तपशील लेखी द्यावा: (१) महिनावार मिळालेला किराया, रोख की बँकेतून; (२) टॅक्स व दुरुस्तीचा खर्च, पावत्यांच्या प्रतींसह; (३) किरायेदाराचे डिपॉझिट किती व कोणाकडे आहे; (४) किरायेदाराशी झालेल्या कराराची प्रत; (५) सहमालकांना वेळोवेळी दिलेल्या रकमा.
>
> माझ्या माहितीवरून केलेला हिशोब सोबत जोडला आहे. त्याप्रमाणे तुमच्याकडून मिळालेले ३०,००० रुपये वजा करून माझे १,७२,००० रुपये निघतात. आईच्या हिश्श्यातून तिच्यासाठी झालेल्या खर्चाच्या पावत्या मिळाल्यास त्यातील २२,७५० रुपयांपर्यंतची रक्कम मी त्या प्रमाणात कमी करीन. अन्य काही चूक असल्यास ती पावतीसह दाखवावी, मी दुरुस्त करीन.
>
> हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत हिशोब व रक्कम द्यावी. त्या मुदतीत रक्कम न मिळाल्यास मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून देय रकमेवर मी व्याज मागणार आहे, याची नोंद घ्यावी. एप्रिल २०२५ पासून माझा हिस्सा दरमहा माझ्या बँक खात्यात जमा व्हावा.
>
> हे पत्र माझे दुकानातील सर्व हक्क अबाधित ठेवून लिहीत आहे.
>
> तुमची बहीण,
> (सही, पूर्ण नाव, पत्ता)
>
> सोबत: हिशोबाचा तक्ता, मृत्यू दाखल्यांच्या प्रती
> प्रत: धाकटे बंधू श्री. …

व्याजाचं वाक्य काढू नका. व्याजाबद्दल आधी काही ठरलेलं नसलं, तरी "व्याज मागणार" अशी लेखी सूचना दिल्यावर तिच्यातल्या तारखेपासून कोर्ट व्याज देऊ शकतं, अशी तरतूद १९७८ च्या व्याज कायद्यात आहे. दर लिहायचा असेल तर बँकेच्या आसपासचा लिहा, सावकारी नको.

"सर्वांच्या वतीने" हे शब्दही मुद्दाम घातले आहेत. एका सहमालकाचा ताबा हा सर्वांचाच ताबा मानला जातो, जोपर्यंत तो इतरांचा हक्क उघडपणे नाकारत नाही. त्यामुळे रागाच्या भरात "तुम्ही कित्येक वर्षांपासून माझा हक्कच नाकारत आहात" असं लिहिणं धोक्याचं. ते वाक्य पुढे तुमच्याच विरुद्ध वाचलं जाईल: हक्क नाकारल्याला इतकी वर्षं झाली, मग आत्तापर्यंत गप्प का? "पैसे खाल्ले", "फसवणूक केली" हेही नको. हिशोब मागायला आरोप लागत नाहीत.

५. पाठवताना पुरावा ठेवा

सही केलेल्या पत्राची आणि तक्त्याची प्रत आधी काढून घ्या. रजिस्टर्ड पोस्ट आता स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे, तेव्हा खिडकीवर सांगून नोंदणी आणि पोहोचल्याचा पुरावा या दोन्ही सेवा घ्या. पावती आणि ऑनलाइन ट्रॅकिंगचा प्रिंट एका फाइलीत ठेवा. सोबत व्हॉट्सॲपवरही पाठवा, पण फक्त त्यावर विसंबू नका. पत्ता बरोबर असताना पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते न फोडता तसंच ठेवा. तसा शेरा साधारणपणे पत्र मिळाल्यासारखाच धरला जातो.

६. उत्तर आलं की घाई करू नका

सगळ्यात अवघड टप्पा हा आहे. उत्तर बहुधा कागदावर येत नाही. फोन येतो, किंवा वहिनी घरी येतात. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेसेज पाठवा: "आज बोलल्याप्रमाणे तुम्ही पावत्या १५ तारखेपर्यंत देणार आहात." पुढे कोण काय म्हणालं यावरून वाद होत नाही.

कधी थेट चेक येतो, समजा ५०,००० चा, आणि सोबत सही करायला कागद: "किरायाबाबत माझे काहीही येणे नाही." चेक घ्यायला हरकत नाही, त्या कागदावर सही नको. त्याऐवजी आपली पावती द्या: "५०,००० रुपये हिशोबापोटी, हक्क अबाधित ठेवून मिळाले."

याहून मोठा सापळा हक्कसोड पत्राचा. "टॅक्सला सगळ्यांची नावं लावू, त्यासाठी रजिस्ट्री ऑफिसात एक सही लागते" असं सांगून नेलं जातं. महापालिकेत वारसांची नावं लावायला आपला हिस्सा सोडून द्यावा लागत नाही. कागदाच्या मथळ्यावर हक्कसोड, रिलीज किंवा बक्षीसपत्र असं काहीही असेल तर घरी आणून वकिलाला दाखवल्याशिवाय पेन उचलू नका. नोंदलेलं हक्कसोड पत्र रद्द करून घेणं फार कष्टाचं आहे.

भाऊ म्हणाला, "तुझा हिशोब चुकत नाही, पण आत्ता पैसे नाहीत", तर ती चांगली बातमी समजा. हप्ते मान्य करा, पण त्याच्या सहीने रकमेसह लिहून घ्या. मुदत नव्याने सुरू होते ती याच सहीमुळे.

७. तीस दिवस गेले आणि काहीच झालं नाही तर

वकिलामार्फत नोटीस हा पुढचा टप्पा. त्याआधी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे एकदा जाऊन या. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी साहाय्य मिळतं. दावा दाखल होण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्नही तिथे होतो. लोक अदालतीत तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकुमाइतकंच बळ असतं, म्हणून तोंडी समेटापेक्षा ती बरी.

तेही न जमल्यास दिवाणी कोर्टात वाटणी आणि हिशोबाचा दावा. फक्त मागच्या किरायाचा दावा करून थांबलात, तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच सुरू होतं. म्हणून वकील बहुधा वाटणीही सोबत मागायला सांगतात. दावा चालू असेपर्यंत किराया कोर्टात जमा व्हावा किंवा तो गोळा करायला कोर्टाने आपला माणूस, म्हणजे रिसीव्हर, नेमावा, असा अर्जही करता येतो. असा अर्ज आला की अनेक घरांतली बोलणी एकदम सुरू होतात, हे मी पाहिलं आहे.

समेट झाला तर एका पानावर तिघांच्या सहीने लिहा: किराया किती, टॅक्स कोण भरणार, किती रकमेवरची दुरुस्ती विचारून करायची, डिपॉझिट कोणाकडे. मग तिघांच्या सहीचं एक पत्र किरायेदाराला द्या, ज्यात तीन खाती आणि प्रत्येकात दरमहा किती रक्कम टाकायची हे लिहिलेलं असेल. मिळालेला हिस्सा ज्याने त्याने आपल्या आयकर विवरणपत्रात दाखवायचा. आजवर पूर्ण किराया भाऊ आपल्या विवरणपत्रात दाखवत आला असेल, तर त्या वर्षांच्या कराचं काय करायचं हे थकबाकीचा आकडा पक्का करण्याआधी सीएला विचारा, कारण "तुझ्या पैशांवरचा टॅक्सही मीच भरला" ही वजावट भाऊ मागणार, आणि पुरावा दाखवला तर ती मागणी रास्त असेल.